भात जळतोय की चरबी

1987 साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये बेंगळुरूहून एका उपकरणाविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. माणूस तासन्‌तास आत राहू शकेल अशी एक बंद खोली, तिच्यातून सतत खेचली जाणारी हवा आणि त्या हवेतल्या ऑक्सिजनचा नि कार्बन डायऑक्साइडचा अखंड हिशेब, असे त्या उपकरणाचे स्वरूप होते. उष्ण कटिबंधातल्या माणसाचा ऊर्जाव्यय मोजण्यासाठी ते उभारले होते. लेखकांमध्ये सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजचे प्रकाश शेट्टी आणि अनुरा कुरपाड होते, आणि केंब्रिजचे पीटर मर्गाट्रॉयडही. कोरमंगल्याच्या बाजूला असलेल्या या संस्थेत पुढची अनेक वर्षे हेच काम चालू राहिले: माणूस काय खातो हे विचारायचे, पण तो काय जाळतो हे त्याच्या श्वासातूनच शोधायचे.

त्यांच्यापुढचा प्रश्न मोठा होता. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या माणसाचे शरीर काटकसरीने चालायला शिकते का? कमी अन्नात तेवढेच काम उरकण्याची काही युक्ती त्याला साधलेली असते का? उत्तर ‘हो’ असेल, तर गरिबाला कमी अन्न पुरते असे म्हणायला धोरणकर्त्यांना वाट मोकळी होते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर कुणाच्या मतावर सोडून चालणार नव्हते. ते मोजूनच द्यायला हवे होते, आणि मोजायचे म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायला आपल्याला आधी एका साध्या भागाकारापाशी जावे लागेल.

शरीराने बाहेर टाकलेल्या कार्बन डायऑक्साइडला शरीराने वापरलेल्या ऑक्सिजनने भागले की जो आकडा येतो तो श्वसन गुणांक. तो इंधनाप्रमाणे बदलतो, आणि का बदलतो हे रेणूंच्या घडणीतच दिसते. ग्लुकोजचा रेणू घ्या.

C6H12O6 + 6 O2 → 6 CO2 + 6 H2O

ग्लुकोजमधल्या बारा हायड्रोजनचे पाणी करायला लागणारे सहा ऑक्सिजन त्याच्याच रेणूत आहेत. त्यामुळे बाहेरून घेतलेला सगळा ऑक्सिजन कार्बनच्या वाट्याला जातो. सहा रेणू आत, सहा बाहेर, गुणांक 1.0. आता पामतेलात, तुपात आणि आपल्या पोटावरच्या चरबीतही सापडणारे पामिटिक आम्ल पाहा.

C16H32O2 + 23 O2 → 16 CO2 + 16 H2O

इथे बत्तीस हायड्रोजन आहेत आणि स्वतःचे ऑक्सिजन फक्त दोन. म्हणून तेवीसपैकी सोळा ऑक्सिजन रेणू कार्बन जाळायला लागतात आणि उरलेले सात केवळ पाणी बनवण्यात खर्च होतात. ते सात कार्बन डायऑक्साइडच्या रूपात बाहेर येत नाहीत. 16 भागिले 23 म्हणजे 0.70. मेद जाळणारे शरीर ऑक्सिजन जास्त ओढते आणि कार्बन डायऑक्साइड त्या मानाने कमी सोडते, एवढेच या सगळ्यामागचे गुपित आहे. प्रथिनांचा आकडा या दोहोंच्या मध्ये, साधारण 0.81 च्या आसपास पडतो. मिश्र आहार घेणाऱ्या माणसाचा गुणांक सकाळी उपाशीपोटी 0.8 च्या आगेमागे असतो, कारण रात्रभरात इन्सुलिन उतरलेले असते, चरबीच्या पेशी मेदाम्ले रक्तात सोडत असतात, पण यकृतातला ग्लायकोजेनचा साठा अजून संपलेला नसतो. इडली किंवा भात पोटात गेला की इन्सुलिन चढते, मेदाम्लांचा पुरवठा आटतो आणि गुणांक 1 च्या दिशेने सरकू लागतो.

अन्नानुसार हे गुणोत्तर बदलते हे फ्रान्समध्ये रेन्यो आणि रीझे यांनी 1849 मध्येच प्राण्यांवर दाखवले होते. त्यामुळे तत्त्व जुने होते. बेंगळुरूतले काम अवघड होते ते मापनाच्या बाजूने, आणि या प्रकरणाचा मोठा भाग मी त्याच बाजूला देणार आहे.

खोलीखेरीज या कामासाठी आणखी एक सुटसुटीत साधन वापरतात. माणूस पलंगावर उताणा पडलेला असतो आणि त्याच्या डोक्यावर पारदर्शक घुमट ठेवलेला असतो. घुमटाची कड मानेभोवती मऊ प्लास्टिकने झाकलेली असते. एका बाजूने खोलीतली हवा आत येते, दुसऱ्या बाजूने पंखा ती ठरावीक वेगाने खेचून घेतो आणि तिचा एक बारीक धागा दोन विश्लेषकांकडे जातो: एक ऑक्सिजनचा, एक कार्बन डायऑक्साइडचा. माणूस बारा तास उपाशी हवा, आदल्या दिवशी त्याने अंगमेहनत केलेली नको, मापनाआधी अर्धा तास तो शांत पडून राहिलेला हवा आणि मापन चालू असताना त्याला झोप लागता कामा नये. घुमट डोक्यावर आला की बहुतेकांचा श्वास काही मिनिटे बदलतो, म्हणून सुरुवातीचे आकडे टाकून देतात. तोंडात नळी आणि नाकाला चाप लावण्यापेक्षा हे माणसाला पुष्कळ सोसते. पण त्याची एक किंमत आहे: घुमटातून बरीच हवा वाहत असल्याने माणसाच्या श्वासाचा ठसा तिच्यात फार पातळ होतो.

किती पातळ, ते एका उदाहरणाने पाहू. आकडे समजण्यासाठी मी बेतलेले आहेत, पण ते अशा मापनात खरोखर येतात त्याच पट्ट्यातले आहेत. पंचविशीतला, 55 किलो वजनाचा एक मजूर घुमटाखाली आहे. घुमटातून दर मिनिटाला 40 लिटर हवा बाहेर पडते. आत येणाऱ्या हवेत ऑक्सिजन 20.93 टक्के आणि कार्बन डायऑक्साइड 0.04 टक्के. बाहेर जाणाऱ्या हवेत ऑक्सिजन 20.45 टक्के आणि कार्बन डायऑक्साइड 0.45 टक्के. या माणसाच्या चयापचयाची सगळी कहाणी टक्क्याच्या जेमतेम निम्म्या फरकात दडलेली आहे.

घाईने हिशेब करणारा सरळ वजाबाकी करेल: ऑक्सिजनचा फरक 0.48 टक्के, चाळीस लिटरवर 0.192 लिटर. कार्बन डायऑक्साइडचा 0.41 टक्के, म्हणजे 0.164 लिटर. भागाकार 0.85. हे उत्तर चुकीचे आहे. माणसाने 0.164 लिटर सोडले आणि त्याहून जास्त घेतले, तर घुमटात जितकी हवा शिरली तितकी बाहेर पडलेली नाही. बाहेर पडलेली थोडी कमी आहे. आत शिरलेली हवा वेगळी मोजायची सोय नसते. मार्ग काढला तो नायट्रोजनने. शरीर नायट्रोजन वायू वापरत नाही आणि बनवतही नाही, म्हणून जितका आत तितकाच बाहेर. आतल्या हवेत तो 79.03 टक्के आहे, बाहेरच्या हवेत 79.10. म्हणजे आत शिरलेली हवा 40 गुणिले 79.10 भागिले 79.03, सुमारे 40.035 लिटर. या पस्तीस मिलिलिटर हवेतला ऑक्सिजन धरला की वापर 0.1994 लिटर होतो आणि गुणांक 0.82. ही दुरुस्ती हॉल्डेनच्या नावाने ओळखली जाते. नसती केली तर उपाशी माणूस आहे त्यापेक्षा जास्त कर्बोदके जाळताना दिसला असता.

आता ऊर्जा. 1949 मध्ये ग्लासगोच्या वेअर यांनी दिलेले सूत्र आजही जगभर वापरतात: ऑक्सिजनचे लिटर गुणिले 3.941, अधिक कार्बन डायऑक्साइडचे लिटर गुणिले 1.106. आपल्या मजुरासाठी ते मिनिटाला 0.967 किलोकॅलरी येते, म्हणजे दिवसाला सुमारे 1390. या वयाच्या पुरुषांसाठी 1985 च्या आंतरराष्ट्रीय अहवालातले सूत्र आहे: किलोतले वजन गुणिले 15.3, अधिक 679. आपल्या माणसाला ते 1520 देते. मोजलेला आकडा त्याच्या आठ टक्क्यांनी खाली आहे. सेंट जॉन्समधल्या मारिओ सोअरेस, शेट्टी आणि सहकाऱ्यांनी भारतीय पुरुषांवर केलेल्या मापनांत नेमकी याच दिशेची तफावत पुन्हा पुन्हा समोर आली: ते सूत्र भारतीयांचा मूलभूत चयापचय वाजवीपेक्षा जास्त धरते. 1993 मध्ये त्यांनी भारतीय पुरुषांसाठी वेगळी समीकरणे प्रसिद्ध केली.

पण आठ टक्के हा फरक खरा की उपकरणाचा? इथे बेंगळुरू शहर स्वतः मध्ये येते. ते समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंचीवर आहे आणि तिथला हवेचा दाब पाऱ्याच्या साधारण 685 मिलिमीटरचा, मुंबईत तो 760 च्या जवळ असतो. वायूचे लिटर दाबावर, तापमानावर आणि दमटपणावर अवलंबून असल्याने सगळे आकडे शून्य अंश, 760 मिलिमीटर आणि कोरडी हवा या प्रमाणावर आणावे लागतात. बेंगळुरूत बसून कुणी मुंबईचा दाब गृहीत धरला तर ऊर्जेचा आकडा अकरा टक्क्यांनी फुगेल. म्हणजे ज्या तफावतीचा शोध चालला आहे तीच तफावत एका विसरलेल्या वायुदाबमापकामुळे पूर्ण पुसली जाईल. श्वसन गुणांकाला मात्र या चुकीने धक्काही लागत नाही, कारण ती अंशातही असते आणि छेदातही, आणि दोन्हीकडून कटते.

उलट प्रकारची चूकही आहे, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. समजा ऑक्सिजनचा विश्लेषक 20.45 ऐवजी 20.46 दाखवतो. टक्क्याच्या शंभराव्या हिश्शाची चूक. विश्लेषक तासाभरात इतका सरकणे काही नवलाचे नाही. पुन्हा हिशेब केला की ऑक्सिजनचा वापर 0.1944 लिटर होतो आणि गुणांक 0.82 वरून 0.84 वर जातो. ऊर्जेत फरक पडतो दोन टक्क्यांचा. इंधनाच्या वाटणीत पाहा: प्रथिनांचा वाटा वजा केल्यावर आधीच्या आकड्यांनुसार हा माणूस तासाला सुमारे साडेपाच ग्रॅम कर्बोदके आणि तीन ग्रॅम मेद जाळत होता. नव्या आकड्यांनुसार कर्बोदके साडेसहा ग्रॅम आणि मेद अडीच. टक्क्याच्या शंभराव्या हिश्शाच्या चुकीने चरबीचा हिशेब सुमारे सतरा टक्क्यांनी बदलला.

असे का होते? एक लिटर ऑक्सिजनवर कर्बोदके जाळली तर सुमारे 5.05 किलोकॅलरी मिळतात, मेद जाळला तर 4.69. दोन्हींत जेमतेम सात टक्क्यांचा फरक. म्हणून इंधन कुठले याचा अंदाज थोडा चुकला तरी एकूण ऊर्जा फारशी हलत नाही. इंधनाची वाटणी मात्र 0.70 ते 1.00 या तीस शतांशांच्या अरुंद पट्टीवर पूर्ण शून्यापासून पूर्ण शंभरापर्यंत पसरलेली आहे, त्यामुळे पट्टीवरचा एक शतांश म्हणजे इंधनात तीन-साडेतीन टक्के. एकाच यंत्रातून निघणाऱ्या या दोन उत्तरांवर सारखाच विश्वास ठेवणे चूक आहे. व्यायामशाळेत मास्क लावून ‘तुम्ही सध्या इतके टक्के चरबी जाळताय’ असे सांगणाऱ्या यंत्राकडे मी याच कारणाने सावधपणे पाहतो. तिथे बहुधा ना उपाशीपणाची अट असते ना स्थिर श्वासाची.

मग विश्लेषक बरोबर आहे हे कळायचे कसे? त्यासाठी एक सुंदर चाचणी आहे. माणसाच्या जागी घुमटाखाली शुद्ध इथाइल अल्कोहोलचा छोटा दिवा ठेवतात. अल्कोहोल कसे जळते याबद्दल काही मतभेद नाही.

C2H5OH + 3 O2 → 2 CO2 + 3 H2O

गुणांक 0.667, ना कमी ना जास्त. शिवाय दिवा आधी आणि नंतर तोलता येतो: पाच ग्रॅम अल्कोहोल जळले तर 7.29 लिटर ऑक्सिजन खर्च व्हायला हवा आणि 4.86 लिटर कार्बन डायऑक्साइड मिळायला हवा. आता चूक कुठे आहे हेही सुटे करता येते. दोन्ही वायू सारख्याच प्रमाणात कमी आले आणि गुणांक 0.667 च राहिला, तर दोष हवेच्या वेगात किंवा दाबाच्या दुरुस्तीत आहे, किंवा यंत्रणेत कुठेतरी गळती होते आहे. गुणांकच बिघडला, तर दोन विश्लेषकांपैकी एक खोटे बोलतो आहे. मानेभोवतीचे प्लास्टिक नीट बसले आहे की नाही हे मात्र दिवा सांगणार नाही. तिथे माणूसच हवा.

यंत्र निर्दोष असले तरी माणूस फसवू शकतो, आणि तेही नकळत. आपण मोजतो तो नाकातोंडातून आलेल्या वायूंचा भागाकार. आपल्याला हवा असतो तो पेशींमधला. शांत, स्थिर अवस्थेत दोन्ही एकच असतात. पण शरीरात ऑक्सिजनचा साठा जेमतेम लिटर-दीड लिटर असतो, तर रक्तात आणि ऊतींमध्ये बायकार्बोनेटच्या रूपात कार्बन डायऑक्साइड त्याच्या कितीतरी पट साठलेला असतो. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेऊ लागला की हा साठा धुऊन बाहेर येतो. ऑक्सिजन मात्र त्या प्रमाणात वाढत नाही, कारण हिमोग्लोबिन आधीच जवळपास भरलेले असते. यंत्रावर 0.95, कधी 1.1 असा आकडा येतो आणि अननुभवी माणूस म्हणतो, हा तर साखरच जाळतोय. ओळखायची खूण अशी: उपाशी माणसात कार्बन डायऑक्साइड उसळला आणि ऑक्सिजनचा वापर जागच्या जागी राहिला, तर ते इंधन नव्हे, श्वास आहे. काही वेळाने साठा पुन्हा भरू लागतो तेव्हा गुणांक उलट 0.7 च्याही खाली घसरतो. ती घसरण दिसली की निदान पक्के.

एक अवस्था अशी आहे जिथे 1 च्या वरचा आकडा पेशींचाच असतो. माणसाला त्याच्या गरजेपेक्षा फार जास्त कर्बोदके दिवसेंदिवस दिली, ग्लायकोजेनची कोठारे भरली, की यकृत ग्लुकोजपासून मेद बनवू लागते. हिशेब साधारण असा मांडता येतो.

4 C6H12O6 + O2 → C16H32O2 + 8 CO2 + 8 H2O

एका ऑक्सिजनला आठ कार्बन डायऑक्साइड. ग्लुकोजमधला ऑक्सिजन मेदात मावत नाही, तो कार्बन घेऊन बाहेर पडतो. रोजच्या जेवणात ही प्रक्रिया इतकी थोडी असते की संपूर्ण शरीराचा गुणांक क्वचितच 1 ओलांडतो. शिरेतून भरमसाट ग्लुकोज दिलेल्या अतिदक्षता विभागातल्या रुग्णात मात्र ती दिसते, आणि दुबळ्या फुप्फुसांना तो जादाचा कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकणे जड जाते.

काटकसरीच्या प्रश्नाकडे परत जाऊ. बेंगळुरूच्या अल्पपोषित पुरुषांचा दिवसाचा एकूण मूलभूत चयापचय पोसलेल्यांपेक्षा कमी भरला, यात शंका राहिली नाही. पण त्यांची शरीरेही लहान होती. वजनाने भागले की तो कमीपणा उरत नाही, कारण उपासमारीत आधी स्नायू आणि चरबी झडतात. मेंदू, यकृत, हृदय, मूत्रपिंडे हे खादाड अवयव त्या मानाने टिकून राहतात, त्यामुळे कृश माणसाच्या एका किलोत त्यांचा वाटा मोठा असतो. शरीर कमी जाळते ते मुख्यतः लहान झाल्यामुळे. कार्यक्षमतेची कुठली गुप्त देणगी सापडली नाही. माझ्या मते या वीस-पंचवीस वर्षांच्या घुमट-मापनांचे सर्वांत मोठे मोल हेच आहे: गरिबाला कमी अन्न पुरते या समजुतीला पेशींच्या पातळीवर आधार मिळाला नाही.

गुणांकाचा प्रश्न पुढे आणखी एका ठिकाणी निघतो. घुमटाखाली माणूस तासभर पडून राहील, पण आठवडाभर तो शेतात, बांधकामावर, स्वयंपाकघरात किती ऊर्जा खर्चतो? त्यासाठी ऑक्सिजनचे आणि हायड्रोजनचे जड समस्थानिक असलेले पाणी पाजतात आणि पुढचे दहा-चौदा दिवस लघवीचे नमुने तपासतात. जड ऑक्सिजन पाण्यावाटेही जातो आणि कार्बन डायऑक्साइडवाटेही, जड हायड्रोजन फक्त पाण्यावाटे. दोन वेगांतल्या फरकावरून कार्बन डायऑक्साइड किती बाहेर पडला ते निघते. पण केवळ कार्बन डायऑक्साइडच. ऑक्सिजनचा वापर कळत नाही, तो गुणांकावरून काढावा लागतो, आणि इथे आधीचा दिलासा उलटतो. एक लिटर कार्बन डायऑक्साइडमागे कर्बोदकांपासून 5.05 किलोकॅलरी मिळतात, मेदापासून सुमारे 6.7. फरक सात टक्क्यांचा नाही, तिसऱ्या हिश्शाचा आहे.

गुणांक आणायचा कुठून? वजन स्थिर असलेला माणूस जे खातो तेच दीर्घकाळात जाळतो, म्हणून आहाराचा गुणांक घेतात. लोणी, मांस, चीज खाणाऱ्या देशांत 0.85 धरण्याची पद्धत पडली. आपल्याकडे ताटात भात, रागीचे मुद्दे, पोळी. समजा ऊर्जेतले 68 टक्के कर्बोदकांतून, 21 टक्के मेदातून, 11 टक्के प्रथिनांतून येतात. या आहाराचा गुणांक 0.91 निघतो. वेअरच्या सूत्रात 0.85 घातले तर एका लिटर कार्बन डायऑक्साइडमागे 5.74 किलोकॅलरी येतात, 0.91 घातले तर 5.44. परदेशी गुणांक तसाच वापरला आणि दिवसाचा खर्च 2400 निघाला, तर त्या माणसाचा खरा खर्च 2270 च्या आसपास असतो. जड पाण्याची किंमत, समस्थानिकांचे महागडे मापन, चौदा दिवसांचे नमुने हे सगळे बिनचूक पार पडूनही ही तफावत तशीच राहते. ती काढण्यासाठी त्या चौदा दिवसांत त्या घरात तेल किती लागले, तांदूळ किती शिजला आणि डाळ किती पडली, हे कुणीतरी जाऊन तराजूवर तोलून लिहून घ्यावे लागते.